पोट माझं नव्हे, बेसिनचं

"पोटाचं एकदा नीट दाखवून घ्या हो." आमच्या इमारतीची देखभाल बघणारे गृहस्थ मला हे माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून म्हणाले. कसल्याशा कागदावर सही घ्यायला आले होते. मी पेन शोधत होतो, तेवढ्यात बाथरूमच्या बाजूने दीर्घ, तृप्त, घशाच्या तळातून आलेला 'घुडूऽऽक' झाला. मी म्हटलं, "बेसिन आहे ते." त्यांनी 'वयानुसार व्हायचंच' असा चेहरा केला. मी पुन्हा म्हटलं, "अहो, खरंच बेसिन." ते म्हणाले, "यात लाजण्यासारखं काही नाही." त्यांना माझी कीव आली, याचा राग अजून गेलेला नाही.

वाईट म्हणजे त्या क्षणी आमच्या बाथरूममध्ये कुणीच नव्हतं. आमच्या कमोडचा फ्लश ओढला की बेसिन गुडगुडतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता खालच्या मजल्यावर कुणी फ्लश केला तरी आमचं बेसिन दाद देऊ लागलं होतं. कोण किती वाजता उठतं, रात्री कुणाला किती वेळा जावं लागतं, हे मला झोपेतसुद्धा कळायचं. ही माहिती मी मागितलेली नव्हती.

मग मी टॉर्च घेऊन बेसिनवर ओणवा झालो. बेसिनच्या भोकातून सरळ खाली पाहिलं तर तळाशी पाण्याची काळी चकती दिसते. ते ट्रॅपमधलं पाणी. बेसिनखालचा पाइप मुद्दाम वळवलेला असतो, किंवा पेल्यासारखा बॉटल ट्रॅप असतो. दोन्हींत साधारण ५० मिलिमीटर खोलीचं पाणी कायम साचून राहतं आणि ड्रेनेजची दुर्गंधी तिथेच अडवतं. मुलाला म्हटलं, ओढ फ्लश. चकती आधी थरथरली, मग कुणीतरी खालून ओढावी तशी सरसर खाली गेली, घुडूऽऽक झालं आणि बुडबुडे फुटले. पाणी परत वर आलं ते आधीपेक्षा कमी. मुलाला हा खेळ फार आवडला. मला नाही आवडला.

वळवलेल्या पाइपात पाणी अडवून वास रोखायची ही युक्ती शौचकूपासाठी १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसाने पेटंट केली, आणि तो पेशाने घड्याळजी होता. मला हे फार पटतं. प्लंबरला हे सुचलं असतं तर तो आधी "उद्या येतो" म्हणाला असता.

तर प्रश्न असा, की ते पाणी खाली ओढतं कोण? फ्लशचं सहा लिटर पाणी काही सेकंदांत उभ्या पाइपात कोसळतं. ते पाइपाच्या भिंतीला चिकटून कड्यासारखं खाली जातं आणि मधल्या पोकळीतली हवा आपल्याबरोबर ओढून नेतं. पाणी जितकं, त्याच्या कितीतरी पट हवा. मजले जास्त म्हणजे पाणी बंदुकीच्या गोळीसारखं आदळत असणार, असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. एखादा-दुसरा मजला उतरेपर्यंत भिंतीचं घर्षण त्याचा वेग बांधून टाकतं, मग उंची वाढली तरी तो फारसा वाढत नाही. हवा मात्र तेवढी लागतेच. ती कुठून यायची? पाइपाच्या वरच्या तोंडातून. म्हणून तो पाइप शेवटच्या मजल्यावर संपत नाही, गच्चीच्याही वर जातो आणि उघडा राहतो. तोच व्हेंट.

ते तोंड बंद असलं तर पाइपात हवेचा दाब किंचित कमी होतो. हा 'किंचित' महत्त्वाचा. ट्रॅपमधलं ५० मिलिमीटर पाणी फार तर ५० मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढी ओढ सोसू शकतं, म्हणजे सुमारे ४९० पास्कल. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब एक लाख पास्कलच्या वर असतो. म्हणजे त्याच्या अर्ध्या टक्क्याएवढा फरक पडला की पुरे. पाइपातला दाब तेवढा उतरला की खोलीतली हवा बेसिनच्या पाण्याला खाली रेटते, वळणाच्या ओठाखालून घुसते आणि बुडबुडत पलीकडे पळते. तोच आवाज. हवेला वाट हवी असते आणि ती सगळ्यांत कच्चा ट्रॅप शोधते. आमचं बेसिन त्या पाइपाला अगदी चिकटून आणि त्याचा ट्रॅप आधीच अर्धा रिता. थोडक्यात, अख्खी इमारत माझ्या बेसिनमधून श्वास घेत होती, आणि देखभालीची वर्गणी मी सगळ्यांएवढीच भरत होतो.

प्लंबर आला. आवाज ऐकला, मान डोलावली आणि म्हणाला, "चोकअप." मग त्याने बेसिनवर रबरी पंप ठेवून असा काही जोर लावला, की ट्रॅपमध्ये उरलंसुरलं पाणीही गेलं आणि घरभर वास पसरला. वास आल्यावर तो म्हणाला, "बघा, चोकअप निघाला." पैसे घेऊन गेला.

चोकअप आहे की हवा कोंडली आहे, हे ओळखायला पंप लागत नाही. बेसिनच्या वरच्या कडेला जे जादा पाण्याचं भोक असतं ते चिकटपट्टीने बंद करायचं, कारण ते ट्रॅपच्या अलीकडे उघडतं आणि सगळा अंदाज चुकवतं. मग खालच्या भोकावर पातळ कागदाची ओली पट्टी ठेवायची आणि कुणाला तरी फ्लश ओढायला सांगायचं. पट्टी आत खेचली गेली तर ओढ आहे, म्हणजे हवा कमी पडते आहे. पट्टी वर उडाली, बेसिनमध्ये बुडबुडे आले, कमोडमधलं पाणी वर चढून हळूहळू उतरलं, तर पुढे खरोखर काहीतरी अडकलं आहे. आणि फ्लशशी संबंधच नाही, बेसिन स्वतः रिकामं होतानाच शेवटी गुरगुरत असेल, तर दोष बहुधा त्याच्याच लांब किंवा फार उताराच्या पाइपाचा. त्यासाठी गच्चीवर चढू नये. आमची पट्टी आत गेली. मी गच्चीवर चढलो.

गच्चीवर आमच्या पाइपाच्या तोंडावर प्लास्टिकचं झाकण, त्यावर पिशवी, पिशवीवर सुतळीचे वेढे आणि वर टेप. पक्ष्याचं घरटं असतं तर मी माफ केलं असतं. पण ही गाठ माणसाची होती, आणि ज्याची होती ते गृहस्थ माझ्या मागेच उभे होते.

"मीच बांधली," ते अभिमानाने म्हणाले. "इथे संध्याकाळी बसलं की वास यायचा. आता नाव नाही."

"अहो, पण हा पाइप उघडाच असतो. त्यातून हवा आत जाते."

"हवा बाहेर येत होती. घाण हवा. मी स्वतः घेतली आहे."

"पाणी पडताना आतही जाते. ती गेली नाही तर खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. म्हणून माझं बेसिन वाजतं."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग म्हणाले, "ते अजून आहे का?"

मी मनात दहापर्यंत आकडे मोजले. मग विचारलं, "तेलाच्या डब्याला तुम्ही भोकं किती पाडता?"

"दोन."

"का?"

"एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर भकभक करत सांडतं. एवढं कुणालाही कळतं."

"मग हे दुसरं भोक आहे!"

ते बराच वेळ पाइपाकडे बघत राहिले. मला वाटलं, उजेड पडला. मग ते म्हणाले, "पण डब्यात तेल असतं."

"बरं?"

"आणि यात ते नसतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. असलं तरी द्यायची ताकद नव्हती. त्यांनी मात्र समजुतीचा सूर लावला. "तुम्ही असं करा, आतल्या बाजूला तो एकतर्फी व्हॉल्व्ह मिळतो ना, तो लावून घ्या." गृहस्थांना व्हॉल्व्ह माहीत होता! म्हणजे हवा लागते हेही माहीत होतं. ती फक्त त्यांच्या खुर्चीपाशी नको होती. तो व्हॉल्व्ह ओढ लागली की उघडतो, हवा आत घेतो आणि मिटतो, हे खरं. पण मिटल्यावर आतून येणारा रेटा तो सोडू शकत नाही. म्हणून तो पाइपाच्या एखाद्या फांदीपुरता ठीक. सगळ्या इमारतीच्या पाइपाला निदान एक तोंड आकाशाकडे उघडं लागतंच. हे मी सांगितलं. ते म्हणाले, "आकाशाकडेच तर होतं, वास इकडे येत होता." मी म्हटलं, तर मग पाइप माणसाच्या डोक्याच्या वर न्या, खिडक्यांपासून लांब, आणि तोंडावर जाळीचं टोपण बसवा, पक्षी जाणार नाहीत, हवा जाईल. ते म्हणाले, "बघू." एरवी गच्चीवर कपडे वाळत घालायला यांची लेखी परवानगी लागते. पाइपाचा गळा आवळायला कुणाला विचारावं लागलं नाही.

आवाजाचं मला तितकं वाटत नाही. आवाजाने फक्त अपमान होतो. रिता ट्रॅप ही वेगळी गोष्ट आहे. २००३ साली हाँगकाँगमध्ये अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ पसरली आणि ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. तिथे व्हेंटचं तोंड कुणी बांधून बंद केलं नव्हतं. बाथरूमच्या जमिनीतल्या जाळ्यांचे ट्रॅप वापराअभावी सुकले होते आणि बाथरूमचे पंखे ड्रेनेजमधली हवा त्यांतून घरात खेचत होते. पण ट्रॅप सुकला काय आणि ओढून रिकामा केला काय, पलीकडची हवा अलीकडे यायला दोन्ही सारखेच. आमच्याकडे तूर्त वासावर भागतं आहे. तो आला की नळ सोडून ट्रॅप भरायचा, की तळमजल्यापर्यंत कुणाला तरी घाई होते आणि तो पुन्हा रिता.

काल उत्तर आलं. पाइप उंच करायला हरकत नाही, मात्र खर्च लाभार्थी रहिवाशाने करायचा. लाभार्थी एकच, मी. सोबत सूचना फलकावर कागद लागला आहे, विषय: वरच्या मजल्यावरील रहिवाशाच्या आवाजाबाबत. 'बेसिनच्या' हा शब्द राहून गेला आहे असं मी निदर्शनास आणून दिलं. म्हणाले, पुढच्या बैठकीत दुरुस्ती सुचवा.