‘५ ते ७ कामकाजाचे दिवस’ म्हणजे नक्की कधीपासून?

ऑनलाइन दुकानाचे हिशेब जुळवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे स्पष्टच लिहितो. ऑर्डर रद्द केल्यावर पैसे कधी परत येतील, हे सांगणारे बहुतेक ‘नेहमीचे प्रश्न’ अर्धवट असतात. यूपीआयला १ ते ३ दिवस, कार्डाला ५ ते ७ दिवस, वॉलेटला त्याच दिवशी, असा तक्ता देऊन मोकळे होतात. दिवस कधीपासून मोजायचे, ते कुणी लिहीत नाही.

समजा, शुक्रवारी रात्री तुम्ही २,४९९ रुपयांची ऑर्डर रद्द केली. पैसे कार्डाने भरले होते. विक्रेत्याने शनिवारी मंजुरी दिली, रविवार गेला, रिफंड निघाला सोमवारी. आता मोजणी मंगळवारपासून. मधला शनिवार दुसरा असेल तर बँक बंद, म्हणजे सातवा दिवस उजाडतो थेट पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. दुकानाच्या लेखी सात दिवस, तुमच्या लेखी बारा. दोघंही खरं बोलतात आणि फोनवर भांडतात!

कार्डाला वेळ लागतो, कारण पैसे दुकानाच्या बँकेतून व्हिसा किंवा रुपेसारख्या नेटवर्कमार्गे तुमच्या बँकेत जातात आणि तिथे खात्यावर चढतात. ‘रिफंड केला’ असा मेसेज आला, म्हणजे पैसे दुकानाकडून निघाले, एवढंच. त्या वेळी एआरएन मागून घ्या. हा २३ अंकी क्रमांक असला की तुमची बँक शोध घेऊ शकते. नुसता ऑर्डर नंबर सांगितला तर तिला काहीच कळत नाही. यूपीआयला १२ अंकी यूटीआर मागायचा. माझ्या मते हे क्रमांक न मागता मेसेजमध्येच यायला हवेत.

क्रेडिट कार्डवाल्यांनो, पैसे बचत खात्यात शोधू नका, ते कार्डावरच जमा होतात. बिल निघाल्यावर, पण भरायच्या तारखेआधी रिफंड आला आणि तुम्ही बिल भरलेलं नसेल, तर तो लगेच देय रकमेतून वजा करायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी भरण्याआधी ॲपमध्ये देय रक्कम बघाच.

अजून एक. ‘पाच दिवसांनंतर दिवसाला १०० रुपये भरपाई’ हा फॉरवर्ड फिरत असतो. २०१९ चा तो नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे खात्यातून पैसे कापले गेले पण दुकानाला पोचलेच नाहीत, अशा वेळी. तुम्ही स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरला तो लावून कस्टमर केअरच्या पोरांवर ओरडण्यात अर्थ नाही.

आणि दुकानदारांनो, तक्त्याच्या वर एक ओळ टाका: ‘दिवस आम्ही रिफंड पाठवल्यापासून मोजा; रद्द केल्यापासून २ दिवसांत आम्ही तो पाठवतो.’ मात्र ते दोन दिवस पाळायची तयारी असेल, तरच.