प्रतिक्रियेला उत्तर: हापूसची पेटी आणि माझी ‘हुशारी’

मागच्या लेखात मी पायथॉनच्या रेग्युलर एक्सप्रेशनमधलं लुकबिहाइंड वापरून, म्हणजे शब्दाच्या मागे काय आहे ते बघून, फक्त ‘हापूस’नंतर आलेल्या ‘पेटी’चं ‘बॉक्स’ केलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

> लेख वाचला. `(?<=हापूस )पेटी` लिहिण्यापेक्षा `(हापूस )पेटी` पकडून `\1` ने परत ठेवलं की तेच काम होतं, मग लुकबिहाइंडची हुशारी कशाला? हापूसनंतर दोन स्पेस आल्या की तुमचा पॅटर्न पेटी सोडून देतो. ‘पेटीत’ही बदलतं, शेवटी साधा `\b` घालायला हवा होता. उदाहरण पायथॉनचं आहे हेही बरंच खाली कळतं. तपासून लिहावं.

पायथॉनचं नाव वर हवं होतं, मान्य. आता वर टाकलंय.

पण ‘तपासून लिहावं’ हे कुणाला सांगताय? मच्छीमार सोसायट्यांच्या आणि आंबा बागायतदारांच्या वह्या संगणकावर चढवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे चुकीचा शब्द बदलला की माणूस दारात येऊन उभा राहतो, प्रतिक्रिया लिहीत बसत नाही. मतभेद असू द्या, पण ‘हुशारी’ हा शब्द टाळता आला असता.

‘तेच काम होतं’ म्हणता. हापूस आणि पेटीपुरतं होतं, कारण तिथे आधीचा शब्द एक आणि बदलायचा शब्द दुसरा. आता होड्यांची वही घ्या. पावसाळी बंदीत रोजच्या रकान्यात ‘बंद’, ‘बंद’ असंच लिहिलेलं. पहिला ‘बंद’ ठेवायचा आणि ज्याच्या आधी ‘बंद’ आहे त्या प्रत्येकाचं ‘तसेच’ करायचं. म्हणजे बदलायचा शब्दच पुढच्या शब्दाची खूण आहे. दोन्ही पद्धती चालवून बघा:

```
import re
s = 'बंद,बंद,बंद,बंद'
re.sub(r'(बंद,)बंद', r'\1तसेच', s)
# बंद,तसेच,बंद,तसेच
re.sub(r'(?<=बंद,)बंद', 'तसेच', s)
# बंद,तसेच,तसेच,तसेच
```

तुमच्या पद्धतीत पहिली जुळणी दोन ‘बंद’ गिळते आणि शोध त्यांच्या पुढून सुरू होतो. तिसऱ्याच्या मागचा ‘बंद’ आधीच खर्ची पडलेला, म्हणून तिसरा सुटतो. लुकबिहाइंड मागे फक्त डोकावतं, काही गिळत नाही. शिवाय ते मूळ ओळीत बघतं, बदललेल्या ओळीत नाही. म्हणून दुसऱ्याचं ‘तसेच’ झालं तरी तिसऱ्याला मागे ‘बंद’च दिसतो. ‘मग दोनदा चालवू’ असं म्हणाल, तर तेही करून बघा. पहिल्या फेरीनंतर शेजारी-शेजारी दोन ‘बंद’ उरतच नाहीत, त्यामुळे दुसऱ्या फेरीत काहीच बदलत नाही. एररही येत नाही, हे सगळ्यात वाईट. पहिल्या दोन रकान्यांवर नजर टाकून फाइल बरोबर समजणारे मी पाहिलेत.

आता तुमचा ‘साधा’ `\b`, शब्दाची सीमा शोधणारा. तो तुम्ही मराठीवर कधी चालवलाय का? पायथॉनच्या `re` मध्ये अक्षर आणि अंक `\w` मध्ये, म्हणजे शब्दाच्या आत, धरतात, काना-मात्रा-वेलांटी धरत नाहीत. ‘पेटी’ संपते दीर्घ वेलांटीवर, म्हणजे त्याच्या लेखी शब्दाबाहेर. पुढची स्पेसही शब्दाबाहेरच, तेव्हा तिथे सीमा नाही. ‘पेटीत’मध्ये मात्र वेलांटीपुढे त येतो आणि तिथे त्याला सीमा दिसते. थोडक्यात, `पेटी\b` नेमकं ‘पेटीत’ला पकडतं आणि सुट्या ‘पेटी’ला सोडतं. तुम्हाला हवं होतं त्याच्या बरोब्बर उलट! शब्दाचा शेवट हवा असेल तर पुढे देवनागरी अक्षर नाही ना, हे लुकअहेडने बघायचं:

```
(?<=हापूस )पेटी(?![\u0900-\u097F])
```

यात ‘हापूस पेटी’ बदलते, ‘हापूस पेटीत’ आणि ‘पायरी पेटी’ दोन्ही तशाच राहतात. लेखात मी ‘पेटीत’ मुद्दाम बदलू दिलं होतं, कारण त्या यादीत ‘बॉक्सत’ झालं तरी गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. पण तेवढं वाचायला सवड हवी.

राहिला दोन स्पेसचा मुद्दा. त्यात काय एवढं? `(?<=हापूस\s+)` लिहिलंत तर पायथॉन `look-behind requires fixed-width pattern` म्हणून हात वर करतं, कारण त्याला मागे नेमकी किती अक्षरं जायचं ते आधी ठाऊक लागतं. जावास्क्रिप्टमध्ये ES2018 पासून हेच चालतं. पायथॉनमध्ये आधी `re.sub(' +', ' ', s)` ने स्पेस एक करून घ्या. नाहीतर तिथे तुमचा `(हापूस\s+)पेटी` आणि `\1` वापरा, माझी हरकत नाही. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण माझ्या फाइलमध्ये स्पेस एकच होती.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा सोबत ज्या ओळीवर पॅटर्न फसला ती ओळ चिकटवा. नुसत्या उपदेशाला यापुढे उत्तर देणार नाही.