पडद्यानं आवाज अडत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

लहान घरातल्या नवरा-बायकोच्या खासगीपणावर मी लिहिलं होतं, त्यावर आलेली प्रतिक्रिया: «"खोली नसली तरी खासगीपण जमवता येतं" हे लिहायला सोपं आहे. आमची चाळीतली खोली १० बाय १५, मागे स्वयंपाकघर आणि त्यातच मोरी. माणसं सहा: सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी. आम्ही स्वयंपाकघरात पडदा लावून झोपतो, दीर वरच्या पोटमाळ्यावर. सासूबाई रात्री दोनदा मोरीत येतात. दोन लोखंडी कपाटांनी अर्धी भिंत खाल्ली आहे. आणि "घरच्यांशी मोकळेपणानं बोला" म्हणता, सासऱ्यांसमोर हे कोण बोलणार?»

सर्वात आधी स्वयंपाकघर सोडा. नव्या जोडप्याला स्वयंपाकघर देण्याची पद्धत चाळीत जुनी आहे, कारण दार असतं तेवढंच. पण रात्री पाणी तिथंच, मोरी तिथंच, आणि तुमच्याकडे तर डोक्यावर पोटमाळा. फळ्यांच्या फटींतून आवाज दोन्ही बाजूंनी जातो, त्यामुळे तिथं कितीही जाड पडदा लावला तरी उपयोग नाही. शिवाय गॅसच्या सिलिंडरशेजारी दार बंद करून झोपणं धोक्याचं आहे. गळती झाली तर सर्वात आधी तुमच्या नाकातोंडात जाईल.

तुमची जागा पुढच्या खोलीत, गॅलरीच्या खिडकीच्या कोपऱ्यात. दार एका बाजूला आणि खिडकी दुसऱ्या बाजूला असते असं धरून हिशोब मांडते. खिडकीच्या भिंतीलगत साडेचार फूट रुंद आणि आत सात फूट लांब एवढी जागा घ्या. चार बाय सव्वासहाची गादी त्यात बसते. उघड्या लांब बाजूला तुमची दोन कपाटं एकाला एक लावून उभी करा. तीन-तीन फुटांची असतील तर सहा फूट भरतात, उरलेल्या फुटाला प्लायची पट्टी. कपाटं दीड फूट खोल धरली तरी दाराकडे जायला चार फूट वाट राहते. मागे १० बाय ८ ची जागा उरते, तिथं सासू-सासरे आणि मुलगी यांच्या अडीच फुटी तीन गाद्या बसतात आणि सासूबाईंना मोरी दोन पावलांवर येते. रात्री त्यांना तुमच्या अंगावरून जावं लागत नाही, हा या मांडणीचा खरा फायदा.

कपाटंच का, तर आवाज वजनानं अडतो. चादरीचा पडदा फक्त नजर अडवतो, सहा मिलिमीटरचा प्लाय ढोलकीसारखा वाजतो, पण कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट आवाज बराच मारतं. रिकामं ठेवू नका. कपाटांची पाठ तुमच्याकडे ठेवा, म्हणजे रात्री कुणाला काही काढायचं झालं तर तुम्हाला उठवायला नको. पाठीचा पत्रा खणखणतो, त्यावर जुनी सतरंजी किंवा गोधडी ताणून बसवा. दोन कपाटांमधल्या फटीत फोमची पट्टी दाबा, कारण बोटभर फट राहिली तर बाकीची मेहनत बरीचशी वाया जाते. मजला जुन्या लाकडी तुळयांचा असेल तर कपाटं उभी करण्याआधी जाणत्या सुताराला दाखवा, वजन एकाच तुळईवर यायला नको.

उरली साडेचार फुटांची आखूड बाजू. तिथं दोन फूट पक्की प्लायची चौकट आणि अडीच फुटांचं भरीव लाकडी दार. दाराखाली ब्रशची पट्टी लावा. लोखंडी आडवी कडी रात्री वाजते, म्हणून लहान कडी लावा, तिला महिन्यातून एकदा तेल घाला आणि दार नुसतं टेकून राहायला चुंबकाची पकड बसवा.

वरून मात्र आवाज जाणारच. कपाटं साडेसहा फुटांची आणि छत दहा फुटांचं असेल, तर मधल्या साडेतीन फुटांत बिनहंगामी कपड्यांच्या ट्रंका रचा. गाद्यांच्या वळकट्या नकोत, त्या रात्री खाली उतरतात. वर फूटभर जागा हवेसाठी सोडावीच लागते, आत भिंतीचा पंखा लागतो, आणि गॅलरीत कुणी झोपत असेल तर खिडकीची खालची झडप बंद, वरची उघडी. एवढं करूनही कुजबुज पूर्ण झाकली जात नाही, म्हणून एक टेबलफॅन सासू-सासऱ्यांच्या उशाकडे ठेवा. पुष्कळ जण तो स्वतःजवळ ठेवतात आणि मग नकळत मोठ्यानं बोलतात. आवाज झाकायचा तर झाकणारा आवाज ऐकणाऱ्याच्या कानाजवळ हवा. खाट नको, गादी जमिनीवरच. खाट करकरते आणि लाकडी मजल्यातून खालच्या बिऱ्हाडापर्यंत पोचते. आत दिवा नको, झीरोचा बल्ब सासूबाईंच्या बाजूला लावा. म्हणजे त्यांना वाट दिसते आणि तुमचा उजेड छतावर पडत नाही.

आता जे बहुतेक घरांत चुकतं ते. दार फक्त 'त्या' रात्री लावलं की अख्ख्या घराला कळतं. पंखा, कडी, मुलीला आजीकडे पाठवणं, सगळं रोज, ठरल्या वेळी व्हायला हवं. भांडण झालेल्या रात्रीही. सकाळच्या डोक्यावरून अंघोळीचं तेच. बायका त्यावरून अंदाज बांधतात, म्हणून केस धुण्याचे वार ठरवून टाका आणि मोडू नका. निरोध वापरत असाल तर कुलपाच्या डब्यात ठेवा, वापरलेलं कागदात गुंडाळून सकाळी बाहेरच्या कचऱ्यात टाका. घरच्या डब्यात नको, संडासात तर नकोच, तुंबतं.

सासऱ्यांशी बोलायचं कारणच नाही, आणि तुम्ही तर नकोच. तुमच्या नवऱ्यानं आईशी बोलायचं, एकट्यात, विषय एवढाच: "आई, तुला रात्री अंधारात आमच्यामधून जावं लागतं, पाय घसरला तर? तू मोरीजवळ झोप, आम्ही खिडकीकडे जातो." यात खोटं काही नाही, आणि आईला दुसरं कारण न सांगताही कळतं. सासऱ्यांना त्या सांगतील. कपाटं हलवायचा दिवस मात्र दिराच्या सुट्टीचा धरा, त्याचे हात लागतात आणि तोही या व्यवस्थेचा भागीदार होतो. तुम्ही पुढच्या खोलीत गेल्यावर स्वयंपाकघर रिकामं होतं, ते रात्री त्याला अभ्यासाला मिळतं हे त्याला आधी सांगा.

मुलीला एका रात्रीत आजीकडे देऊ नका. आधी आठवडाभर तिघी मागे झोपा, ती झोपली की तुम्ही उठून पुढे या. मग आजीच्या गोष्टीवर झोपायची सवय लागते. मध्यरात्री उठून ती दाराशी येईलच. दार वाजवायचं, ढकलायचं नाही, हे दिवसा खेळात शिकवा, आणि पहिले काही दिवस ती आली की लगेच उघडा. उघडलं नाही तर रडेल आणि सगळं घर जागं होईल.

इतकं करूनही सहा माणसांच्या एका खोलीत रात्र पुरती तुमची होणार नाही. माझं मत विचाराल तर दिवसाची रिकामी वेळ भिंतीपेक्षा भरवशाची. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी घेता येत असेल तर घ्या: मुलगी बालवाडीत, दीर बाहेर, आणि सासू-सासरे गुरुवारी मठात किंवा शनिवारी मारुतीला जात असतील तर तोच वार जुळवा. त्यांना बाहेर काढायला दर वेळी नवं काम शोधू नका, दुसऱ्या खेपेला ते ओळखतात. पैशाचं, माहेरचं, भांडणाचं बोलणं मात्र त्या वेळात नको, ते जेवणानंतर अर्धा तास चालायला जाऊन करा, मुलीला न घेता.

लॉजचा विचार असेल तर आधी फोन करा. नवरा-बायको असूनही आधारवर मुंबईचाच पत्ता दिसला की बरेच लॉजवाले खोली नाकारतात. तशी बंदी कायद्यात नाही, तो त्यांचा नियम असतो. "स्थानिक पत्ता चालतो का, दिवसाच्या काही तासांसाठी खोली मिळते का, दोघांची ओळखपत्रं लागतात का" एवढे तीन प्रश्न नवऱ्यानं आधी फोनवर विचारून घ्यावेत, म्हणजे काउंटरवर उभं राहून परतावं लागत नाही.