जावईबापूंची काळी रेघ

गेल्या शनिवारी अण्णा हात धुवायला आमच्या बाथरूममध्ये गेले आणि वीस मिनिटांनी बाहेर आले. हातात मोबाइलची बॅटरी सुरू, चष्मा कपाळावर. हॉलमध्ये लग्नाची सगळी पाहुणेमंडळी चहा घेत बसलेली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "जावईबापू, बेसिनला काजळ कोणी घातलंय हो?"

मेहुणा चहा नाकातून येईपर्यंत हसला. मी अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.

अण्णा म्हणजे बायकोचे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. घरात कुठेही ओल दिसली की ते १९६१ च्या पानशेतपासून सुरुवात करतात. आमच्या बेसिनपर्यंत यायला त्यांना अर्धा तास लागला. "गळती भिंतीच्या पुढून कळत नाही जावईबापू, मागून कळते," असं म्हणत त्यांनी मला कॉलर धरल्यासारखं आत नेलं आणि बॅटरी मारली.

काळं होतं, हे मलाही दिसत होतं. बेसिन आणि टाइल्सच्या मधली सिलिकॉनची रेघ ठिपक्याठिपक्यांनी काळवंडलेली, आणि शॉवरच्या काचेखालची रेघ तर सलग काळी. दर रविवारी मीच ती घासतो. तारेचा ब्रश घेऊन, तोंडाने शिव्या घालत. अण्णांनी ब्रश उचलून पाहिला आणि एखाद्या हाताखालच्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "सिलिकॉन गुळगुळीत असतं तोवर बरं. तुम्ही त्याला खरवडून शेत नांगरलंत. आता पेरणी झालीय." वाईट याचं वाटलं की ते बरोबर होतं. बुरशी सिलिकॉन खात नाही, त्यावर बसलेला साबणाचा आणि अंगाच्या तेलाचा थर खाते. पृष्ठभागावर ओरखडे पडले की तो थर त्यात जाऊन बसतो आणि बुरशीही.

इथपर्यंत अण्णा गुरू होते. मग मी ब्लीचची बाटली काढली आणि ते म्हणाले, "नुसतं ब्लीच? त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड घाला थोडं. जोर येईल."

जोर येतो, पण आपल्यावर. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. एवढ्याशा बंद खोलीत तो छातीत गेला तर पानशेत सांगायला अण्णा उरले नसते. मी अ‍ॅसिडची बाटली उचलून थेट बाल्कनीत ठेवली. ते दुखावले. "आमच्या काळी सगळं मिसळायचे," म्हणाले. त्या काळचे किती जण आज खोकत असतील, हे मी विचारलं नाही. जावई आहे शेवटी.

ब्लीचची खरी अडचण वेगळीच आहे. उभ्या-आडव्या रेघेवर ते ओतलं की ओघळून जाळीत जातं, बुरशीला लागतच नाही. ते तिथे तासन्‌तास टिकून राहायला हवं. मग मी आईच्या देव्हाऱ्यातला कापूस घेतला, हातभर लांब वाती वळल्या, हातमोजे घालून त्या ब्लीचमध्ये भिजवल्या आणि रेघांवर दाबून बसवल्या. वरून भाजी झाकायचं पातळ प्लास्टिक चिकटवलं, म्हणजे सुकायला नको. खिडकी उघडी, एक्झॉस्ट सुरू. रात्री आई पाणी प्यायला उठली, दिवा लावला आणि बाथरूमभर वाती बघून म्हणाली, "अरे, ही कसली आरास? देवाच्या वाती न्हाणीघरात?" अण्णा झोपेतून उठून आले आणि तिच्या बाजूने बोलले. घरात माझ्या बाजूने बोलणारं कुणी नाही, हे बुरशीमुळे कळलं.

सकाळी वाती काढल्या, भरपूर पाणी मारलं. बेसिनची रेघ पांढरीशुभ्र झाली होती. मी अण्णांना हाक मारली, अभिमानाने. ते आले आणि थेट शॉवरच्या काचेजवळ उकिडवे बसले. ती जशीच्या तशी काळी. "पुन्हा एक रात्र वाती लावतो," मी म्हणालो. "खुशाल शंभर रात्री लावा," म्हणत त्यांनी नख टेकवलं आणि रेघेची कड दाबली. कड सुटली, खालून काळ्या पाण्याचा एक थेंब बाहेर आला. अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

म्हणजे बुरशी वरून नव्हतीच. पारदर्शक सिलिकॉनच्या मागे पाणी शिरलं होतं, बुरशी पाठीमागून काळी दिसत होती, आणि तिथे ब्लीच पोचणार कसं? डाग वरचा असेल तर एका-दोन रात्रींत फिका पडतो. नाहीच पडला, किंवा कड नखाने उचलली गेली, तर घासत बसू नये, पट्टी काढावी.

काढायला घेतली आणि माझं डोकं फिरलं. एकाखाली एक दोन पट्ट्या निघाल्या. गेल्या दिवाळीत आलेल्या प्लंबरने जुनी न काढताच "वरून एक हात मारतो साहेब" म्हणून सहाशे रुपये घेतले होते. सुकलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही. त्याने बुरशीला वरून पारदर्शक गोधडी घातली होती, माझ्या पैशाने. दहा मिनिटांचं काम टाळायला माणूस माझं वर्ष खराब करतो आणि वर चहा मागतो. मी साखर घालून दिला होता.

कटरने वरची आणि खालची कड कापून पट्टी ओढली, उरलेलं ब्लेडने खरवडलं, फटीत पुन्हा ब्लीच, मग पाणी, मग एक दिवस पंखा. दुकानदार समोर दिसेल ती ट्यूब देत होता. व्हिनेगरसारखा वास येणारी ती जात उंबऱ्याच्या संगमरवराला डाग पाडते, म्हणून मी न्यूट्रल आणि बुरशीरोधक, सॅनिटरी असं छापलेली मागून घेतली. सोमवारी संध्याकाळी फट स्पिरिटने पुसली, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, गनने एकाच दमात रेघ ओढली, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवलं आणि साय धरायच्या आत टेप काढली. बायकोसुद्धा बघायला आली. अशी सरळ रेघ माझ्या हातून पाचवीच्या भूमितीतही निघाली नव्हती.

"चोवीस तास पाणी नाही," मी जाहीर केलं. अण्णांनी संडासात बादली ठेवून आंघोळ करावी असं सुचवल्यावर घरात जे झालं ते लिहीत नाही. शेवटी त्यांनी पारोसं राहणं पत्करलं आणि मंगळवारी सकाळच्या एसटीने सगळ्यांना सांगत सांगत गेले.

ते गेल्यावर मी बाथरूमचं दार उघडलं. पाण्याचा थेंब नव्हता. पण काचेखालच्या रेघेत, बरोबर मध्यावर, अर्धचंद्रासारखी नखाची खूण होती. वाळलंय का ते बघितलं असणार.