पेंडिंगवर अडकलेलं अपडेट आणि फॉरवर्डमधले चार उपाय

"अपडेट पेंडिंगवर अडकलं म्हणजे प्ले स्टोअर बिघडलं. आधी स्टोअरचा डेटा क्लिअर करा. नाही झालं तर गूगल अकाउंट काढून परत टाका. तरी नाही तर अ‍ॅपच काढून नव्याने घ्या. फोटो डिलीट करून जागा करा. शंभर टक्के चालतं, सगळ्यांना पाठवा!"

स्टोअर बिघडलं, इथेच पहिली गडबड आहे. बहुतेक वेळा ते फक्त थांबलेलं असतं. पुढे दुसरी डाउनलोड्स असली की तुमचं अपडेट मागे रांगेत उभं राहतं. कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करून `Manage apps & device` मध्ये अपडेट्सची यादी उघडा. एखादा मोठा गेम अर्ध्यावर रेंगाळत असेल तर त्याच्यासमोरच्या फुलीने तो रद्द करा आणि तुम्हाला हवं ते अ‍ॅप एकटंच सुरू करा.

रांग रिकामी असूनही हालचाल नसेल तर नेटवर्ककडे वळा. गावाकडे मामींच्या फोनवर हेच झालं होतं. वायफायची खूण दिसत होती, यूट्यूब चालत होतं, पण बँकेचं अ‍ॅप पेंडिंगवरून हलेना. ते वायफाय म्हणजे मुलाच्या फोनचं हॉटस्पॉट होतं. दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट अँड्रॉइड पुष्कळदा ओळखतो आणि त्याला मोजून वापरायचं, म्हणजे मीटर्ड, नेटवर्क समजतो. स्टोअरमध्ये डाउनलोड फक्त वायफायवर अशी निवड असेल, तर अशा नेटवर्कवर ते वाट पाहत बसतं. मामींच्या स्टोअरच्या सेटिंगमध्ये `Network preferences` खाली `App download preference` ला `Over any network` निवडलं आणि अपडेट सुरू झालं. (मुलाचा डेटा गेला, ते वेगळं.) फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कला `Treat as unmetered` करूनही हेच साधतं. शिवाय डेटा सेव्हर किंवा व्हीपीएन चालू असेल तर ते थोडा वेळ बंद करून पाहावं.

आता डेटा क्लिअर करण्याबद्दल. त्याने तुमची अ‍ॅप्स उडत नाहीत, एवढं खरं. पण स्टोअरमधल्या तुमच्या निवडी पुसल्या जातात, आणि मुलांसाठी पिन लावलेला असेल तर तोही जाऊ शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: स्टोअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, मग फोन रीस्टार्ट करा, मग फक्त कॅशे क्लिअर करा, आणि तरीही अडलं तर डेटा. नावं सारखी दिसतात म्हणून काही जण घाईत प्ले सर्व्हिसेसचा डेटा पुसतात. ते टाळा, कारण वॉलेटमध्ये साठवलेली कार्डं त्यात जाऊ शकतात.

अकाउंट काढणं हा त्याहून महागडा उपाय. सिंक न झालेले संपर्क जाऊ शकतात, आणि परत टाकताना पासवर्ड आठवला नाही तर संध्याकाळ गेली. अकाउंटची खरी अडचण वेगळी दिसते: पुन्हा साइन इन करा अशी सूचना येते, किंवा फोनवर दोन अकाउंट असतात आणि पैसे देऊन घेतलेलं अ‍ॅप दुसऱ्यावर असतं. तिथे अकाउंट काढायचं नसतं, फोटोवर टॅप करून बदलायचं असतं.

तिसरा सल्ला मात्र सरळ नुकसानीचा आहे. जी रांग किंवा जे नेटवर्क अपडेटला अडवतंय, तेच नव्या इन्स्टॉललाही अडवेल. म्हणजे जुनं चालतं अ‍ॅप हातचं गेलं आणि नवं पेंडिंग. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नसेल तर चॅट्स गेल्या. यूपीआय अ‍ॅप असेल तर सिमची पडताळणी नव्याने करावी लागते. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर असेल आणि त्याचा बॅकअप नसेल, तर इतर खात्यांचीही दारं बंद होऊ शकतात.

जागेचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. नवी आवृत्ती उतरते तेव्हा जुनी अजून फोनवरच असते, त्यामुळे स्टोअरवर अपडेट ८० एमबीचं दिसलं म्हणून ८० एमबी रिकामी असणं पुरत नाही. मोकळी जागा एकूण साठ्याच्या १० टक्क्यांखाली गेली की फोन अडखळू लागतो, असं गूगलचंच सांगणं आहे. ६४ जीबीच्या फोनवर ते साधारण साडेसहा जीबी होतात. पण गूगल फोटोजमधून डिलीट केलेला फोटो लगेच जात नाही. बॅकअप झालेला ६० दिवस, न झालेला ३० दिवस बिनमध्ये पडून राहतो आणि जागाही तशीच अडकून राहू शकते. "इतके फोटो उडवले तरी जागा होईना" ही तक्रार बरेचदा तिथूनच येते. बिन रिकामी करण्याआधी एकदा नजर टाका, कारण तिथून गेलेला फोटो परत येत नाही. फोटोंना हात लावायचाच नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या `Storage and data` मध्ये `Manage storage` उघडा. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आणि मोठ्या फाइल्स तिथे एकत्र दिसतात, आणि त्या काढल्यावर बहुतेक घरांत फोटोंपर्यंत जायची वेळच येत नाही.