नव्या बिऱ्हाडांना आधी पाण्याचं सांगा

या महिन्यात गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या संकुलात पाच नवी बिऱ्हाडं आली. तीन घरमालक, दोन भाडेकरू. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सोसायटीतर्फे त्यांचं स्वागत केलं. सेक्रेटरी म्हणून बोलायची पाळी माझी होती. आजवर आमच्याकडे स्वागत म्हणजे गुलाबाचं फूल, बटाटवडा आणि 'हे करू नका, ते करू नका' अशी यादी. यंदा मी यादी घरीच ठेवली आणि पाण्यापासून सुरुवात केली. त्याचं कारण जुनं आहे आणि मला अजून टोचतं.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये एक कुटुंब भाड्याने राहायला आलं. घरात तान्हं बाळ. आजी सकाळी दुपट्यांची बादली घेऊन गच्चीवर जायच्या. त्याच आठवड्यात संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, संध्याकाळपर्यंत रिकामा पडू लागला. झालं, बोट त्यांच्याकडे. जिन्यात, सगळ्यांसमोर, आमच्याच कमिटीतले एक गृहस्थ त्या आजींना बोलले. मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले.

नंतर पावसाने चार दिवस उघडीप दिली. सकाळी साडेसातला मी खाली आले तर पावसाच्या पाइपातून पाणी भळाभळा वाहत होतं. आभाळ कोरडं, मग हे पाणी कुठलं? गच्चीवर जाऊन पाहिलं तर वरच्या टाकीतला फ्लोट स्विच शिडीच्या कडेला अडकला होता. टाकी भरली तरी पंप थांबत नव्हता आणि वरून सांडणारं पाणी गच्चीच्या मोरीतून थेट पावसाच्या पाइपात जात होतं. पाऊस चालू असताना कुणाच्या लक्षात येणार? इलेक्ट्रिशियनने वायर दुसऱ्या बाजूला बांधली, दहा मिनिटांचं काम. ते कुटुंब मात्र अकराव्या महिन्याला गेलं. आजींची माफी मागायला मी गेले होते. त्यांनी चहा दिला, पण पूर्वीसारखं हसल्या नाहीत.

म्हणून या वेळी आकड्यांतच बोलले. शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात. आमची २५ घरं नांदती होती, घरटी चार माणसं धरली तर १३,५०० लिटर. पाच घरं वाढली की १६,२००. संप २० हजारांचा आहे, म्हणजे ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणारं पाणी सकाळी नीट आलं तर सगळ्यांना पुरतं. तुम्ही आलात म्हणून पाणी कमी पडणार नाही, हे मी त्यांना जुन्या लोकांच्या देखत सांगितलं. जुन्यांनी ते ऐकायला हवंच होतं. वरची टाकी दहा हजारांची, त्यामुळे पंप दिवसातून दोनदा चालतो आणि तो बंद झाला की नाही हे वॉचमनने गच्चीवर जाऊन बघायचं, हेही सगळ्यांसमोर ठरलं.

बेत कधी फसतो तेही सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा फोंडा आणि तिसवाडी कित्येक दिवस कोरडे होते. पाच घरांनी पिण्याचं दोन दिवसांचं पाणी भरून ठेवावं, एवढंच मागितलं.

मग फ्लशचं. फ्लशची टाकी गुपचूप गळते, आवाजही येत नाही. रात्री झोपताना तिच्यात खाण्याचा रंग थोडा टाकायचा, सकाळपर्यंत फ्लश करायचा नाही. उठल्यावर कमोडमध्ये रंग दिसला तर आतलं वॉशर गेलं. पाच मिनिटांत एक लिटर जरी गळलं तरी दिवसाला २८८ लिटर, म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून जास्त. हे ऐकून पुढच्या रांगेतले काका ताठ बसले.

भाडेकरूंना बोलवावं का, यावर कमिटीत वाद झाला होता. मी ठाम होते. मतदानाचा हक्क मालकाला असेल, पण फ्लश भाडेकरूच्याही घरात आहे आणि संप सगळ्यांचा एकच. शेवटी पाव विकणारा पोदेर किती वाजता हॉर्न वाजवतो, ओला कचरा कुठे द्यायचा, चवथीला पार्किंग कसं मोकळं करतो, हे सांगितलं आणि कोकणीत 'येवकार' म्हणून थांबले. बारा मिनिटं झाली असतील.

सोमवारी सकाळी सातलाच दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या वहिनींचा फोन. "ताई, कमोडमध्ये रंग उतरलाय." दुपारी प्लंबर आला आणि वॉशर बदललं. मग त्यांनीच विचारलं, "तुमचं बघितलंत का?" मी बघितलं नव्हतं. त्या रात्री टाकला. माझंही गळतंय.