दाट रक्त म्हणजे ताकद?

“काका, बाबांचं हिमोग्लोबिन १८.५ आलंय. रक्त जितकं दाट तितकं हृदय मजबूत, असं आपल्या रामबागेच्या ग्रुपवर फिरतंय. खरं ना?”

नाही रे, उलट आहे. त्याच रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट बघ: ५६. म्हणजे १०० मिली रक्तात ५६ मिली नुसत्या तांबड्या पेशी. पुरुषांत साधारण ४० ते ५० असतात. हा आकडा ४५ वरून ६० वर गेला, तर रक्ताचा दाटपणा जवळजवळ दुप्पट होतो. तेवढं रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. बारीक शिरांत प्रवाह मंदावला की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि प्रवाह आणखी मंदावतो. प्राणवायू वाहणाऱ्या पेशी वाढल्या, तरी तो पोचतो कमीच. गुठळीचा धोका वेगळा.

मात्र इंदूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं, तरी आकडा चढतो. म्हणून दोन दिवस नीट पाणी पिऊन तपासणी पुन्हा करा. तरीही ५६ च आला, तर सिगारेट, झोपेत घोरताना श्वास अडकणं आणि अस्थिमज्जेचा आजार, ही तिन्ही कारणं डॉक्टरांकडून तपासून घ्या. आंघोळीनंतर अंगाला खाज सुटत असेल, तर तेही आवर्जून सांगा. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या आजच थांबवून डॉक्टरांना विचारा.